रिफ्युजल आलं, पण खडक लागला का? बोअरमधला धोंडा ओळखण्याची पद्धत

बोअरच्या लॉगशीटवर एक ओळ वारंवार चुकीची लिहिली जाते: "१०.२० मीटरवर रिफ्युजल, खडक लागला." यातला पहिला भाग, म्हणजे ठोकलेली नळी पुढे जायची थांबली हे, मोजलेला असतो, दुसरा केवळ अंदाज असतो, आणि दोन्ही एकाच ओळीत आले की अंदाजही मोजमापासारखा वाचला जातो. पुढे डिझाइन करणारा त्याच ओळीवर पाइलची लांबी ठरवतो.

हे कुठे चुकतं आणि कसं टाळायचं, ते एका पुलाच्या कामावरच्या शिकाऊ इंजिनिअरच्या अनुभवातून टप्प्याटप्प्याने मांडतो. नदीपात्रात गोटे आणि वाळूचा जाड थर, त्याखाली नीस खडक, आणि तिच्या वाट्याला आलेलं बीएच-३ हे तिसऱ्या पिअरचं बोअर.

## टप्पा १ : मशीन उभं करण्याआधी

बोअर घेण्याआधी नदीकाठ चालून पाहा. दोन प्रश्नांची उत्तरं तिथेच मिळतात आणि नंतर ती कुठल्याही मशीनमधून मिळत नाहीत.

पहिला प्रश्न: इथे सर्वांत मोठा धोंडा केवढा आहे? पात्रात उघडे पडलेले, काठाच्या कापात रुतलेले, जुन्या खोदाईतून बाहेर काढून ठेवलेले, सगळे पाहा आणि सर्वांत मोठ्याची जाडी टेपने मोजा. जमिनीखाली त्याच जातीचे धोंडे असणार हे गृहीत धरा. आमच्या शिकाऊ इंजिनिअरला वरच्या बाजूच्या काठावर दीड मीटरहून थोडा जास्त जाडीचा धोंडा सापडला होता. तिने फोटो काढला, पण आकडा वहीत लिहिला नाही.

दुसरा प्रश्न: खरा खडक उघडा कुठे दिसतो आणि तो कसा आहे? रंग, कण, आणि नीससारख्या पट्टेदार खडकात पट्ट्या आडव्या पातळीशी किती अंशांनी कललेल्या आहेत, हे कंपासने मोजून ठेवा. इथे काठावर कल साधारण ३० अंश होता. हा आकडा पुढे कामाला आला.

मग ड्रिलिंगच्या सूचनेत लिहा की रिफ्युजलनंतर किती कोअर, म्हणजे पोकळ नळीने कापून काढलेला दगडाचा दंडगोल नमुना, घ्यायचा. "खडकात ३ मीटर" ही रूढ अट आहे. धोंड्यांची शक्यता असलेल्या जागी ती ५ मीटरपर्यंत नेतात. आकडा कुठलाही घ्या, त्यामागचा तर्क एकच: कोअरची खोली अपेक्षित मोठ्यात मोठ्या धोंड्याच्या जाडीपेक्षा बरीच जास्त हवी.

> इशारा. "रिफ्युजलपर्यंत बोअर" एवढीच अट असेल तर ड्रिलर रिफ्युजलला थांबेल, आणि ते त्याच्या बाजूने बरोबरच असेल. ही अट कामाला सुरुवात होण्याआधी बदलून घ्या. मशीन हलल्यावर तेच बोअर पुन्हा खोल करणं फार महाग पडतं.

## टप्पा २ : रिफ्युजल नोंदवताना

एसपीटीमध्ये, म्हणजे स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्टमध्ये, ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पडतो आणि सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाची नळी खाली ठोकतो. पहिले १५ सेंटिमीटर सोडून पुढच्या ३० सेंटिमीटरचे ठोके म्हणजे एन. ५० ठोक्यांत नळी १५ सेंटिमीटरही गेली नाही, तर सहसा रिफ्युजल म्हणतात.

याचा अर्थ एवढाच, की या हातोड्याने ही नळी या बिंदूवर पुढे गेली नाही. नळीचं तोंड जेवढं, तेवढ्याच जागेची ही माहिती आहे. खाली काय आहे आणि ते बाजूला किती पसरलं आहे, याबद्दल ती काहीच सांगत नाही.

बीएच-३ मध्ये ७.५ मीटरवर एन २८ आला, ९ मीटरवर ३९, आणि १०.२० मीटरवर ५० ठोक्यांत नळी ४ सेंटिमीटर गेली. हातोडा टणकन उसळला. शिकाऊ इंजिनिअरने लिहिलं, "रॉक लेव्हल १०.२०."

त्या क्षणी लिहायचं ते एवढंच: "१०.२० मीटर, ५० ठोके, ४ सेंमी, रिफ्युजल." खडक हा शब्द अजून यायचा नाही. पुढे जाण्याआधी या गोष्टी बघून घ्या:

- नळी उघडा आणि तोंडाची कड पाहा. कड आत वळली असेल किंवा तोंडात एक गोटा अडकला असेल, तर हे रिफ्युजल त्या एका गोट्याचंही असू शकतं.
- बोअरचा तळ साफ होता का? केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या भिंती धरून ठेवणाऱ्या नळीच्या, खाली बाजूची वाळू-गोटे ढासळून साचले असतील तर ठोके त्या गाळावर पडत असतात. साफ करून खोली पुन्हा मोजा.
- रिफ्युजलच्या आधीचे नमुने पाहा. नमुन्यांत गोल गुळगुळीत गोटे येत असतील, तर थोड्या खोलीवर मोठा गोटा येणं अगदी साहजिक आहे. याउलट मातीच्या जागी हळूहळू खडकाचा भुगा, मग कुजका खडक, मग कठीण खडक असा बदल दिसत असेल, तर तो खऱ्या खडकाकडे इशारा आहे.

शिकाऊ इंजिनिअरच्या ९ मीटरच्या नमुन्यात गोल गोटे आणि भरड वाळू होती. कुजक्या खडकाचा मागमूस नव्हता. वाळूतून एका पावलात ताज्या, कठीण खडकावर पोहोचणं अशक्य नाही. नदीने कुजका भाग वाहून नेलेला असू शकतो. पण इथेच शंका घ्यायला हवी होती.

## टप्पा ३ : कोअरिंगला बसताना

सर्वांत जास्त चुका याच टप्प्यात होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

रिफ्युजलनंतर डबल ट्यूब कोअर बॅरल लावा. सिंगल ट्यूबमध्ये फिरती नळी आणि फ्लशचं पाणी कोअरला घासतात, त्यामुळे धोंड्याखालची मऊ माती आणि भेगांतला गाळ धुऊन जातो. नेमकं तेच आपल्याला हवं असतं.

रन म्हणजे बॅरलच्या एका खेपेत कापलेली लांबी. सरसकट दीड मीटरचे रन घेऊ नका. रिफ्युजलनंतरचे पहिले रन अर्धा-पाऊण मीटरचे ठेवा. तुम्ही म्हणाल, वेळ जातो. जातो, पण पहिला रन लांब घेतला तर काय होतं ते बीएच-३ मध्येच बघा.

ड्रिलरने १०.२० ते ११.७० असा दीड मीटरचा एकच रन घेतला. कोअर निघाला ९६ सेंटिमीटर: ५२ आणि ३८ सेंटिमीटरचे दोन अखंड तुकडे, आणि खाली सहा सेंटिमीटरचे सुटे गोटे. शिकाऊ इंजिनिअरने हिशेब केला. एकूण रिकव्हरी ९६ भागिले १५०, म्हणजे ६४ टक्के. आरक्यूडी, म्हणजे १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज भागिले रनची लांबी, ९० भागिले १५०, म्हणजे ६० टक्के. ५० ते ७५ टक्के आरक्यूडी मध्यम प्रतीच्या खडकाचा मानतात. तिने लिहिलं, "मध्यम भेगाळ नीस खडक."

गणितात चूक कुठेच नाही. पण दोन तुकड्यांची बेरीज ९० सेंटिमीटर होती आणि उरलेल्या ६० सेंटिमीटरमधून केवळ सहा सेंटिमीटर सुटे गोटे आले होते. सरासरीने त्या दोघांना एकत्र करून एक खडक तयार केला. वरचे ९० सेंटिमीटर जवळजवळ पूर्ण अखंड, खालचे ६० सेंटिमीटर जवळजवळ रिकामे, हे कागदावर दिसेनासं झालं.

तिच्या सरांनी कोअर बॉक्स पाहिला आणि आकडे बाजूला ठेवून विचारलं, "जे निघालं नाही, ते कुठलं? वरचं, मधलं की खालचं?"

ती गप्प राहिली. ड्रिलर मात्र तिथेच उभे होते.

"काका, रन करताना काही जाणवलं होतं का?" तिने विचारलं.

"मॅडम, वरचं हातभर-दोन हात चांगलं पाऊण तास खाल्लं. मग एकदम रॉड सुटल्यासारखा गेला. खालचं पाच मिनिटांतच झालं. पाणीपण लाल-तपकिरी झालं आणि थोडं कमी यायला लागलं."

उत्तर यातच होतं. फक्त ते ड्रिलरच्या डोक्यात होतं, लॉगशीटवर नव्हतं.

म्हणून प्रत्येक रनला हे करा:

१. रॉडवर खडूने दर १० सेंटिमीटरला खूण करा आणि प्रत्येक खुणेची वेळ लिहा. कठीण खडकातून बाहेर पडल्यावर दहा सेंटिमीटरची वेळ मिनिटांवरून सेकंदांवर येते. ही घसरण कोणत्या खुणेवर झाली, तेच तुमच्या धोंड्याचं तळ.

२. फ्लशच्या पाण्याचा रंग बदलला, पाणी परत येणं कमी झालं किंवा बंद झालं, तर खोलीसकट लिहा. पाणी खडकातल्या उघड्या भेगांतही गायब होतं, त्यामुळे ही खूण एकटी पुरावा होत नाही. वेग आणि रंग हे दोन्ही एकाच खोलीवर बदलले तर मात्र तिला वजन येतं.

३. वेग अचानक वाढला की रन तिथेच थांबवा, बॅरल वर घ्या. कोअर कुठे संपला, याबद्दल मग संशय उरत नाही.

> तपासणी. रिकव्हरी ९० टक्क्यांपेक्षा कमी आली, तर टक्केवारी लिहिण्याआधी "कोअर कुठे गेला" याचं एक वाक्य लिहा. ते लिहिता आलं नाही, तर पुढचा रन आखूड घ्या.

## टप्पा ४ : कोअर हातात घेऊन वाचताना

कोअर बॉक्समध्ये ठेवण्याआधी तुकड्याची दोन टोकं पाहा. ड्रिलिंगमध्ये तुटलेलं टोक ताजं, खरखरीत असतं आणि शेजारच्या तुकड्याला चिकटून बसतं. धोंड्याचं मूळ टोक तसं नसतं.

बीएच-३ च्या ५२ सेंटिमीटरच्या तुकड्याचं वरचं टोक गुळगुळीत, किंचित बहिर्गोल होतं. त्यावर तपकिरी डाग होता आणि वाळूचे बारीक कण चिकटले होते. ३८ सेंटिमीटरच्या तुकड्याचं खालचं टोकही तसंच, फक्त थोडं तिरकं. मधला तुटलेला जोड मात्र स्वच्छ. दोन्ही तुकडे हातात जुळवले की रेषाही दिसत नव्हती. म्हणजे वर नैसर्गिक पृष्ठभाग, खाली नैसर्गिक पृष्ठभाग, आणि मध्ये अखंड दगड. खऱ्या खडकाला वरचं टोक असतं, पण ९० सेंटिमीटरवर घासलेलं, डागाळलेलं तळ नसतं.

मग पट्ट्या पाहा. उभ्या बोअरमध्ये कोअर सरळ धरून पट्ट्यांचा आडव्याशी कोन मोजता येतो. दिशा कळत नाही, कोन कळतो. काठावर तो ३० अंश होता. या तुकड्यात तो जवळपास ७५ अंश निघाला. दगडाची जात तीच, रंग तोच, कणही तेच. वाहत आलेला धोंडा वरच्या भागातल्या त्याच खडकाचा होता, म्हणून जातीवरून काहीच ठरलं नसतं. कलण्याने मात्र सांगितलं की हा तुकडा जागेवरून हललेला आहे.

> इशारा. पट्ट्यांची ही कसोटी वाहून आलेल्या किंवा डोंगरावरून घसरलेल्या धोंड्यांना लागू पडते. खडक जागच्या जागी कुजून आत टणक गोळे उरलेले असतात, तिथे ती फसते: गोळा हललेला नसतो, म्हणून कोन जुळतोच. अशा ठिकाणी कोअरच्या कडेला कुजलेल्या थराचे कवच, खालीवर मऊ कुजका खडक, आणि पुरेशी खोली यांवरच भिस्त ठेवा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कोअरमध्ये सापडलेली जाडी ही धोंड्याची खरी जाडी नसते. बोअर धोंड्याच्या नेमक्या मधून क्वचितच जातं. गोल धोंड्यावर बोअर कुठेही लागू शकतं असं धरलं, तर सापडणारी लांबी सरासरीने व्यासाच्या दोन-तृतीयांश असते. ९० सेंटिमीटरचा छेद मिळाला तर धोंडा १.३५ मीटरच्या आसपासचा असण्याची अपेक्षा ठेवा. काठावर दिसलेल्या धोंड्याशी हे जुळतं, म्हणूनच तो आकडा वहीत हवा होता. याच कारणाने एका छेदावरून "इथे धोंडे ९० सेंटिमीटरचेच असतात" असं लिहू नका.

## टप्पा ५ : धोंड्याखाली जाताना

धोंडा ठरल्यावर काम संपत नाही, खरं बोअर आता सुरू होतं. धोंड्यातून पाडलेलं भोक साधारण ७६ मिलिमीटरचं असतं आणि एसपीटीची नळी ५१ मिलिमीटरची, त्यामुळे नळी त्यातून खाली जाते. केसिंग मात्र त्या भोकातून जात नाही. भोक मोठं करून केसिंग धोंड्याखाली उतरवलं नाही, तर खालचे गोटे-वाळू आत ढासळतात आणि पुढची प्रत्येक चाचणी गाळावर होते. म्हणून केसिंग खाली घ्या, तळ धुवा, खोली मोजा, मगच ठोके.

बीएच-३ मध्ये ११.७० मीटरवर एन २६ आला, १२.९० वर ३१. वरच्या "खडकाखाली" वाळू-गोट्यांचा थर आहे, याला आता मोजलेला पुरावा मिळाला.

१३.८० मीटरवर पुन्हा रिफ्युजल आलं. यावेळी तिने तीच ओळ लिहिली नाही. आखूड रन घेतले आणि वेळा लिहिल्या. १३.८० ते १४.५० मध्ये तुकडे लहान होते, भेगांच्या कडा रंग बदललेल्या, मधे मधे कुजका खडक. १४.५० नंतर तुकडे लांब, दगड ताजा, वेग सलग मंद, पाण्याचा रंग राखाडी आणि न बदलणारा. पट्ट्यांचा कोन २८ ते ३२ अंश, अगदी खालपर्यंत. तिने १८.८० पर्यंत, म्हणजे दुसऱ्या रिफ्युजलपासून पूर्ण ५ मीटर कोअर घेतला.

> तपासणी. खरा खडक म्हणायला तीन गोष्टी एकत्र हव्यात: वर कुजकेपणाकडून ताजेपणाकडे क्रमाने बदल (किंवा तो का नाही याचं कारण), कोअरभर जुळणारी रचना, आणि मोठ्यात मोठ्या धोंड्याच्या जाडीपेक्षा खोल सलग कोअर. यातली एक कमी असेल तर लॉगवर "संभाव्य" हा शब्द ठेवा.

## टप्पा ६ : शेजारच्या बोअरशी जुळवताना

इथे खोलीची खोलीशी तुलना करू नका. जमिनीची पातळी प्रत्येक बोअरला वेगळी असते, म्हणून आधी खोलीवरून आरएल, म्हणजे सगळ्या बोअरना समान अशा संदर्भ पातळीपासूनची उंची, काढा.

बीएच-२ ची जमीन १०२.४, खडक १४.९ मीटरवर, म्हणजे आरएल ८७.५. बीएच-४ ची जमीन १०१.९, खडक १३.७ मीटरवर, म्हणजे ८८.२. बीएच-३ ची जमीन १०१.६. पहिलं रिफ्युजल धरलं तर खडक ९१.४ वर येतो, दुसरं धरलं तर ८७.८ वर. दोन्ही बाजूंच्या पातळ्यांमध्ये ८७.८ नीट बसतो, ९१.४ त्यांच्यापेक्षा तीन-चार मीटर वर उभा राहतो.

हे पाहून काहीजण कोअर न घेताच निकाल देतात. तसं करू नका. नदीपात्राखाली खडकाचा खरा उंचवटाही असतो, आणि पातळ्यांवरून दिसणारा वेगळेपणा दोन्ही गोष्टींना सारखाच लागू पडतो. पातळी शंका घ्यायला लावते, निकाल कोअर देतो.

शंका राहिलीच तर सगळ्यात उपयोगी उपाय म्हणजे दोन-तीन मीटर बाजूला दुसरं बोअर. उंचवटा असेल तर जवळपास त्याच पातळीवर रिफ्युजल येईल. धोंडा असेल तर बहुधा येणार नाही, आणि आलं तरी वेगळ्या खोलीवर येईल. भूकंपलहरींची रिफ्रॅक्शन चाचणी खडकाच्या एकूण पातळीसाठी चांगली आहे, पण एकटा धोंडा तिला सुटा दिसत नाही, आणि कठीण थराखाली दडलेला मऊ थर तर ती दाखवूच शकत नाही. अशा जागी ती बोअरच्या जागी वापरू नका.

## टप्पा ७ : लॉग लिहिताना

मोजलेलं आणि ठरवलेलं वेगवेगळ्या ओळींत लिहा. बीएच-३ चा शेवटचा लॉग असा झाला:

- ९.०० : भरड वाळू व गोल गोटे, एन ३९
- १०.२० : ५० ठोके / ४ सेंमी, रिफ्युजल
- १०.२० ते ११.१० : नीस, ताजा, दोन तुकडे, दोन्ही टोकांना नैसर्गिक डागाळलेला पृष्ठभाग, पट्ट्या ७५ अंश, दर १० सेंमीला ५ ते ६ मिनिटे. धोंडा.
- ११.१० ते ११.७० : रिकव्हरी ६ सेंमी गोटे, ६० सेंमीला ५ मिनिटांहून कमी, पाणी तपकिरी, परतावा घटला. वाळू-गोटे, धुऊन गेले.
- ११.७० : एन २६, १२.९० : एन ३१
- १३.८० : रिफ्युजल, १३.८० ते १४.५० कुजका-भेगाळ नीस
- १४.५० ते १८.८० : ताजा नीस, पट्ट्या २८ ते ३२ अंश. बोअर समाप्त.

पहिल्या रनच्या वेळा ड्रिलरच्या आठवणीवरून आल्या, म्हणून तिने त्यांच्यापुढे "ड्रिलरच्या सांगण्यावरून" असं लिहिलं. हे न विसरता करा. मोजलेल्या वेळेइतकं वजन तिला नाही आणि वाचणाऱ्याला ते कळायला हवं. त्या रनची टक्केवारीही तिने काढून टाकली नाही, तर रनचे दोन भाग करून प्रत्येकाची रिकव्हरी वेगळी दिली: वरची १०० टक्के, खालची १०.

डिझाइनमध्ये फरक काय पडला, तो हिशेब सोपा आहे. पिअरच्या पाइलला खडकात एक मीटर सॉकेट ठरलेलं होतं. १०.२० ला खडक धरला असता तर पाइलचं टोक ११.२० वर आलं असतं: ९० सेंटिमीटरचा धोंडा फोडून त्याच्या खालच्या वाळूत दहा सेंटिमीटर. टोकाचा भार ज्यावर द्यायचा, तो खडक तिथून २.६ मीटर खाली होता. सुधारित लॉगनुसार सॉकेट १४.५० पासून, ताज्या खडकात मोजलं गेलं आणि टोक १५.५० वर आलं.

पाइलचं ड्रिलिंग सुरू होईल तेव्हा हाच धोंडा रिगलाही अडवेल. म्हणून पाइलच्या ठेकेदाराला दिलेल्या माहितीत १०.२० चा धोंडा आणि त्याची अंदाजे जाडी ठळक लिहा, आणि पहिल्या कठीण थरावर "खडक आला" म्हणून थांबायचं नाही, हेही लिहा. कोअर बॉक्समधला तो ५२ सेंटिमीटरचा तुकडा पाइल पूर्ण होईपर्यंत टाकू नका. साइटवर वाद झाला तर डागाळलेलं ते टोक दाखवता येतं.